आठ पॉइंट चाळीस कुठून आला? आमच्या बँक शाखेला खुले पत्र

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक आणि कर्ज विभागातील सर्व अधिकारी-कर्मचारी,

स.न.वि.वि.

मंगळवार, 9 डिसेंबर 2025 रोजी सकाळी अकरा ते दुपारी सव्वादोनपर्यंत मी आणि माझे पती तुमच्या शाखेत होतो. वीस लाखांच्या गृहकर्जाचा अर्ज आम्ही 17 नोव्हेंबरला दिला होता. कर्ज मंजूर झालंय, सह्यांना या, असा फोन आला म्हणून आम्ही आलो. हे पत्र त्या सव्वातीन तासांबद्दल आहे. शाखेचं आणि गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला कळेलच. शिवाय इतरांनी हे वाचून "अरे, हे तर आपल्याच शाखेत झालं होतं" असं म्हटलं, तर त्यांचंही बहुधा चुकणार नाही.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की ही बाई घरून अभ्यास करून भांडायला आली होती. मी सोळा वर्षं एका पतसंस्थेत नोकरी करते आणि त्यातली नऊ वर्षं कर्ज विभागात आहे. टेबलाच्या तुमच्या बाजूला बसून मीही पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत आणि "इथे सही करा, इथे, आणि इथे" म्हटलं आहे. मार्चअखेर काय असते, वरून वसुलीचा फोन आला की जेवणाचा डबा कसा तसाच परत जातो, हे मला माहीत आहे. म्हणून तुमच्या गर्दीबद्दल, बंद पडलेल्या सर्व्हरबद्दल किंवा एका खिडकीवर तिघांचं काम करणाऱ्या कॅशियरबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार सुरू होते ती 17 नोव्हेंबरपासून. त्या दिवशी अर्ज, दोघांचे आधार-पॅन, माझ्या पगाराच्या पावत्या, यांच्या दुकानाची तीन वर्षांची विवरणपत्रं, बिल्डरचा करारनामा आणि सातबारापासून बांधकाम परवान्यापर्यंतची फाइल आम्ही दिली. मी पोच मागितली. "मॅडम, पोच कसली, फाइल आमच्याकडेच आहे ना," असं हसून उत्तर मिळालं. उत्तरात वाईट काहीच नव्हतं, पण पोच मिळाली नाही ती नाहीच. कर्जाच्या अर्जाची पोच देण्याची पद्धत बँकांनी ठेवावी, हे रिझर्व्ह बँकेने 2003 सालच्या कर्जदारांविषयीच्या उचित व्यवहार संहितेतच सांगून ठेवलं आहे. पोच नसल्यामुळे पुढे काय झालं पाहा. 26 नोव्हेंबरला फोन केला तर "तुमची फाइल कधी आली?" असा प्रश्न आम्हालाच विचारला गेला. आम्ही तारीख सांगितली, पण ती सिद्ध करायला आमच्या हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

आता 9 डिसेंबर. फ्लॅट माझ्या नावावर आहे. आपल्या राज्यात महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हा त्यातला व्यवहार, आणि पहिला पगार लागल्यापासून त्यासाठी पैसे मी बाजूला टाकत आले, हा त्यातला जिव्हाळा. त्यामुळे मुख्य अर्जदार मी आणि हे सह-अर्जदार. तुमच्या कर्ज अधिकाऱ्यांनी मात्र पहिला पाऊण तास सगळं यांच्याकडे बघून सांगितलं. मी व्याजाबद्दल विचारलं तरी उत्तर यांना. शेवटी "साहेब, मॅडमना एवढ्या सह्या करायला सांगा" असं ते म्हणाले. माझे पती स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवतात, दिवसभर माणसांशी बोलतात. तेच म्हणाले, "साहेब, कर्ज यांचं आहे, मी जोडीला आलोय." त्यावर अधिकारी थोडे ओशाळले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. तेवढ्यावर मी तो विषय सोडला. पण जिच्या पगारातून हप्ता कापला जाणार, तिच्याशी बोलायला खुर्ची वळवावी लागली, हे लिहायचं राहायला नको.

मग कागद आले. एकंदर बावीस ठिकाणी पेन्सिलीच्या फुल्या. त्यात चौदावा कागद होता 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', मराठीत मुख्य तथ्य विवरणपत्र म्हणू या. माझ्या मते त्या अख्ख्या गठ्ठ्यात कर्जदारासाठी लिहिलेला हा एकच कागद. बाकीचे बँकेच्या संरक्षणासाठी असतात, आणि ते असावेतही. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी हे विवरणपत्र बंधनकारक आहे. कर्ज किती, मुदत किती, हप्ता किती, व्याजदर कशाला जोडलेला, कोणकोणते खर्च कापणार, आणि हे सगळं धरून कर्ज खऱ्या अर्थाने किती टक्क्याला पडतं, तो आकडा. त्याला एपीआर म्हणतात, म्हणजे वार्षिक टक्केवारी दर. आपल्याकडे लोक "व्याज किती?" एवढंच विचारतात. विचारायचं ते "एपीआर किती?", कारण एका बँकेचं कर्ज दुसरीच्या कर्जाशेजारी ठेवून पाहायचं तर तोच आकडा उपयोगाचा.

तुमच्या अधिकाऱ्यांनी आम्हाला व्याजदर सांगितला होता 7.75 टक्के. चौदाव्या कागदावर एपीआर होता 8.40. मी बोट ठेवून विचारलं, "हा आठ पॉइंट चाळीस कुठून आला?" उत्तर आलं, "ते सिस्टीम काढते मॅडम, तुमचा रेट पावणेआठच आहे, काळजी करू नका."

सिस्टीम हवेतून काही काढत नाही. मी तिथेच बसून फोनच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब जुळवला. तो इथे देते, कारण माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

वीस लाख, वीस वर्षं, 7.75 टक्के, याचा हप्ता येतो 16,419 रुपये. विवरणपत्रात हप्ता होता 17,109. म्हणजे दरमहा 690 रुपये जास्त. का? कर्जाची रक्कमच वीस लाख नव्हती. ती 20,84,000 होती. वरचे 84,000 म्हणजे कर्जाला जोडलेल्या जीवन विम्याचा एकरकमी हप्ता. तो आम्ही मागितला नव्हता, पण मंजुरीपत्रात तो कर्जातच मिळवला गेला होता. म्हणजे विमा आमचा, पैसे बँकेचे, आणि त्यावर वीस वर्षं व्याज पुन्हा आमचं. 690 गुणिले 240 हप्ते, म्हणजे 1,65,600 रुपये. चौऱ्याऐंशी हजारांची वस्तू एक लाख पासष्ट हजारांना.

आता एपीआर. आमच्या खर्चाचे आकडे होते प्रोसेसिंग फी 7,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी मिळून 8,260 रुपये, सर्च रिपोर्ट आणि मूल्यांकनाचे 6,500. हे वजा करून आमच्या कामाला येणारे पैसे 19,85,240 रुपये, आणि त्यावर हप्ता 17,109. हा हप्ता जेवढ्या टक्क्याच्या कर्जाला शोभतो तो दर 8.40. विमा काढून टाकला, हप्ता 16,419 धरला, तर तोच आकडा 7.85 वर येतो. म्हणजे फी आणि सर्च-मूल्यांकनाने दर फक्त दशांश टक्क्याने वाढवला आणि विम्याने अर्ध्या टक्क्याहून जास्त. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तुमच्या अधिकाऱ्यांना ते माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. सांगायची वेळच कधी येत नाही, असं मला वाटतं, कारण विचारतं कोण?

विमा नको म्हटल्यावर दुसरं वाक्य आलं: "विमा नाही घेतला तर फाइल वर अडेल." मी विचारलं, वर म्हणजे कुठे? कोणत्या परिपत्रकानुसार? त्यावर शेजारच्या टेबलाकडे बघून एक हसू. गृहकर्जासाठी जीवन विमा सक्तीचा करणारा रिझर्व्ह बँकेचा कोणताही नियम नाही. इमारतीच्या विम्याची अट बँकेच्या करारात असू शकते, ती वेगळी गोष्ट आणि तिचा खर्चही वेगळा. मी विम्याच्या विरोधात नाही. उलट, पतसंस्थेत कर्जदार गेल्यानंतर त्याच्या बायकोकडे वसुलीला जाण्याची वेळ माझ्यावर आली आहे, त्यामुळे विम्याची किंमत मला चांगली ठाऊक आहे. यांचा 50 लाखांचा टर्म प्लॅन आहे, माझा नोकरीतला वेगळा आहे. शिवाय तुमच्या योजनेतलं संरक्षण कर्ज फिटेल तसं कमी होत जाणारं होतं, ही गोष्टही मला माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला सापडली. समोरून कुणी ती सांगितली नाही. घ्यायचा की नाही हे घरी बसून ठरवायची गोष्ट आहे. त्यासाठी स्वतंत्र अर्ज असावा, स्वतंत्र सही असावी, आणि "नको" म्हणायची एक चौकट असावी. कर्जाच्या फुल्यांमध्ये विम्याची फुली मिसळू नये.

तिसरा शब्द होता 'फिक्स'. नोव्हेंबरमध्ये आम्हाला "पावणेआठ फिक्स" असं सांगितलं गेलं. हे घरी येऊन सासऱ्यांना म्हणाले, "वीस वर्षं एकच दर." विवरणपत्र म्हणत होतं, दर तरता, म्हणजे बदलता, आणि रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेला, रेपो 5.50 अधिक बँकेचं अंतर 2.25, बदल दर तीन महिन्यांनी. बोलण्यातला फिक्स म्हणजे 'नक्की मिळेल', कागदावरचा फिक्स म्हणजे 'बदलणार नाही'. कर्ज विभागात हे दोन अर्थ आपण सगळेच सरमिसळ वापरतो, मीसुद्धा वापरलेत. पण यावेळी त्यात एक गंमत झाली. 5 डिसेंबरला, म्हणजे सह्यांच्या चार दिवस आधी, रिझर्व्ह बँकेने रेपो पाव टक्क्याने कमी करून 5.25 केला होता. म्हणजे अंतर तेच राहिलं तर आमचा दर 7.50 आणि वीस लाखांचा हप्ता 16,112 व्हायला हवा, महिन्याला तीनशे सात रुपये कमी. मी विचारलं, आम्हाला कोणता लागणार? "सिस्टीम घेईल." कधी घेईल? आज सही केली तर तीन महिने जुनाच चालेल का? याचं उत्तर त्या टेबलावर कुणाकडेच नव्हतं.

उत्तर मिळालं ते पलीकडच्या टेबलावर. तिथे एक तरुण अधिकारी मुलगी बसते, बहुधा वर्षभरापूर्वी रुजू झालेली, परराज्यातली. तिचं मराठी मोडकं आहे आणि माझं हिंदी त्याहून मोडकं. तिने आमचं बोलणं ऐकलं होतं. ती उठून आली, म्हणाली, "ताई, एक मिनिट," आणि संगणकाचा पडदाच आमच्याकडे फिरवला. बाहेरचा दर आता बदललाय, पण तुमचं मंजुरीपत्र आधीच्या तारखेचं आहे. मंजुरी नव्याने काढली तर नवा दर लागेल, तशीच ठेवली तर पुढच्या तिमाहीत बदल होईल, असं तिने पडद्यावरच्या ओळींवर बोट ठेवत सांगितलं. मग परतफेडीचा तक्ता उघडला आणि पहिल्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती, ते दाखवलं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो तक्ता पाहिला. पहिल्या वर्षी हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो हे बघून ते जरा गप्प झाले, ती गोष्ट वेगळी. चार-पाच मिनिटांचं काम. भाषेची अडचण आहे म्हणून तुमच्या शाखेत लोक ज्या मुलीकडे जायचं टाळतात, सगळ्यात स्पष्ट तिनेच सांगितलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, पण तिचं कौतुक वरच्या कार्यालयाला स्वतंत्र पत्राने कळवलं आहे.

भाषेवरून आठवलं. ते विवरणपत्र फक्त इंग्रजीत होतं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते द्यावं आणि मजकूर समजावून सांगून पोच घ्यावी, असा नियम आहे. आमच्या कागदाच्या तळाला इंग्रजीत छापलं होतं की वरील मजकूर मला समजावून सांगितला आहे व तो मला समजला आहे. त्याखाली फुली. यांचं शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत. फुली दिसली म्हणून त्यांनी पेन उघडलंसुद्धा होतं. समजावून सांगितल्याची सही समजावून सांगण्याआधी घेतली जाते, आणि पुढे कधी वाद झालाच तर तीच सही कर्जदारापुढे ठेवली जाते.

मी म्हटलं, हे विवरणपत्र घरी नेते, तीन दिवसांनी येते. यावर मात्र आवाज चढला. "मॅडम, दिवसाला दहा लोक सह्या करून जातात, कुणी एवढं विचारत नाही. तुम्हाला कर्ज नको असेल तर सांगा." हॉलमधल्या सात-आठ जणांनी वळून पाहिलं. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जाचं विवरणपत्र किमान तीन कामाचे दिवस वैध राहतं, आणि तेवढ्या काळात कर्जदाराने त्या अटी मान्य केल्या तर बँक त्यांना बांधील असते. हे दिवस आम्हाला विचार करायलाच दिलेले आहेत. मी ते मागितले, एवढंच.

त्याच हॉलमध्ये त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, जी मला माझ्या कर्जापेक्षा जास्त लागली. एक साठीच्या आसपासचे गृहस्थ, शिलाईचं काम करणारे, दीड लाखाच्या कर्जासाठी तिसऱ्यांदा आले होते. त्यांना बसायलाही न सांगता काउंटरवरून मोठ्याने सांगितलं गेलं, "काका, तुमचा सिबिल बसत नाही, नाही होणार." आणि स्कोअरचा आकडासुद्धा. सगळ्यांनी ऐकला. ते "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. कर्ज नाकारणं हा बँकेचा अधिकार आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. पण नाकारण्याचं मुख्य कारण लेखी द्यायचं असतं, आणि 2007 पासून हे सगळ्या प्रकारच्या कर्जांना, रक्कम कितीही असो, लागू आहे. लेखी कारण हातात असतं तर त्यांना कळलं असतं की स्कोअर कमी का आहे. जुनं एखादं कर्ज बंद होऊनही उघडं दिसतंय, की कुणाला जामीन राहिलेले अंगावर आलंय, की खरंच हप्ते थकलेत. पहिल्या प्रकारात दुरुस्ती मागता येते. पतसंस्थेत माझ्यासमोर आलेल्या अशा प्रकरणांपैकी काहींत चूक कर्जदाराची नव्हतीच, खातं बंद केल्याची नोंद पुढे गेलेली नव्हती. मी त्यांना पायरीवर गाठलं आणि सांगितलं की प्रत्येक पत माहिती कंपनीकडून वर्षातून एक सविस्तर अहवाल फुकट मिळतो, तो आधी काढा. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझं कुठे काय चुकलं, ते कळेल?" हा प्रश्न त्यांना तुमच्या काउंटरवर विचारता आला पाहिजे होता.

आमचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण पत्र अर्धवट वाटायला नको. 10 तारखेला मी विमा नको असल्याचं आणि चालू रेपोनुसार नवी मंजुरी हवी असल्याचं लेखी दिलं. 12 तारखेला नवं विवरणपत्र मिळालं: कर्ज वीस लाख, दर 7.50, हप्ता 16,112, एपीआर 7.60. फाइल "वर" कुठेही अडली नाही. 17,109 वरून 16,112, दरमहा 997 रुपयांचा फरक, आणि त्यासाठी मी केलं काय, तर एका आकड्यावर बोट ठेवून तो कुठून आला हे विचारलं. मला ते विचारता आलं, कारण माझी नऊ वर्षं कर्जाच्या टेबलावर गेली. ज्यांची गेली नाहीत, ते सही करतात.

तुमच्याकडून मला माफीनामा नको. कर्जाच्या टेबलावरचा तो चौदावा कागद पहिला ठेवा, मंजुरी झाली की लगेच द्या, मराठीत द्या, आणि एपीआरच्या ओळीवर स्वतः बोट ठेवून सांगा की हा आकडा का वाढलाय. त्या मुलीने पडदा फिरवला तसा सगळ्यांनी फिरवावा. आणि कुणाचा स्कोअर सांगायचा असेल तर त्याला आधी खुर्ची द्या.

एक शेवटची विनंती. या पत्राची एक प्रत शाखेत आणि एक विभागीय कार्यालयात देत आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याची वाट आहे, पण तिथवर जायची माझी इच्छा नाही. माझ्याजवळच्या प्रतीवर मात्र आज तारीख घालून शिक्का मारून द्यावा. 17 नोव्हेंबरच्या अर्जाची पोच अजून मिळालेली नाही.

आपली,
एक गृहकर्जदार